तुरीपासून डाळ : पदवीधर तरुणासाठी गावातच एक कारोबार

आमच्या कापडाच्या धंद्यात गावोगावचे दुकानदार माल न्यायला येतात, तेव्हा बिलाचा हिशेब झाला की घरची गोष्ट निघते. हल्ली दहातले सहा जण एकच गोष्ट विचारतात. मुलगा बी.एस्सी. झाला, बी.कॉम. झाला, शेती पाच-सात एकर आहे, शहरात नोकरी लागत नाही आणि लागली तर पगार खोलीभाड्यात जातो. आता त्याला करायला काय सांगावे? पूर्वी मीही ‘एखादे दुकान घालून द्या’ एवढेच सांगून मोकळा होत असे. पण तीन वर्षांपूर्वी अकोल्याकडच्या माझ्या एका जुन्या ग्राहकाच्या मुलाने गावात छोटी डाळ गिरणी घातली. तिचा हिशेब मी सुरुवातीपासून जवळून पाहिला आहे. तो वाचक बंधूंपुढे मांडावा असे वाटले.

शेतीशी जोडलेले मार्ग तसे बरेच आहेत. खत-बियाणे-औषधांचे दुकान घालता येते, पण कीटकनाशकांच्या परवान्यासाठी आता कृषी किंवा रसायन वगैरे विषयांची ठराविक तालीम लागते, नुसत्या बी.कॉम.वर ते होत नाही. कृषी पदवीधरांसाठी केंद्र सरकारची ‘ॲग्री क्लिनिक’ नावाची योजना २००२ पासून आहे. तिच्यात ४५ दिवसांचे प्रशिक्षण मोफत मिळते आणि नंतर बँकेच्या कर्जाला सबसिडी जोडली जाते. ठिबक सिंचनाची जोडणी-दुरुस्ती आहे, ट्रॅक्टर-मळणीयंत्र भाड्याने देण्याचे काम आहे. ही सारी कामे चांगली आहेत. परंतु ज्याची पदवी कृषीची नाही आणि ज्याच्या गावाभोवती तूर पिकते, त्याच्यासाठी डाळीचे काम मला जास्त जवळचे वाटते. कच्चा माल दारात आहे, आणि गिऱ्हाईकही दारातच आहे. शेतकरी तूर विकतो आणि त्याच्याच घरी किराणा दुकानातून डाळ येते, हा उलटा प्रकार विदर्भ-मराठवाड्यात घरोघर दिसतो.

या मुलाने यंत्र घेतले ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी डाळ मिलच्या धर्तीवरचे. दोन अश्वशक्तीच्या मोटारीवर ते चालते आणि तासाला साधारण एक क्विंटल माल काढते. यंत्र, चाळण्या, मोटार, वजनकाटा आणि वाळवणासाठी सिमेंटचा ओटा मिळून त्याचे सुमारे अडीच लाख रुपये लागले. वडिलांनी मला दाखवायला नेले तेव्हा यंत्र सुरू होते, आणि तासाला एक क्विंटल म्हणजे दिवसाला आठ क्विंटल असा गुणाकार बापलेकांनी आधीच करून ठेवला होता. तोच गुणाकार पहिल्या वर्षी अंगाशी आला. का, ते समजण्यासाठी तुरीची डाळ होते कशी हे आधी पाहावे लागेल.

हरभऱ्याचे टरफल सहज सुटते. तुरीचे तसे नाही. तुरीच्या टरफलाखाली डिंकासारखा एक चिकट थर असतो आणि तो टरफलाला आतल्या दाण्याशी घट्ट चिकटवून ठेवतो. हा थर सैल केल्याशिवाय तूर यंत्रात घातली, तर टरफल निघण्याऐवजी दाणाच फुटतो. म्हणून डाळ गिरणीचे खरे काम यंत्राच्या आधी, ओट्यावर होते.

प्रथम तूर चाळून माती, खडे, काड्या काढायच्या आणि दाण्याच्या आकाराप्रमाणे मोठा व बारीक माल वेगळा करायचा. नंतर तो एकदा एमरी रोलमधून, म्हणजे खरखरीत दगडी लेप दिलेल्या रुळातून, हलका फिरवायचा. यात डाळ करायची नसते, टरफलावर फक्त ओरखडे पाडायचे असतात. या ओरखड्यांतून तेल आत शिरते. मग क्विंटलला दीडशे ते अडीचशे ग्रॅम खाण्याचे तेल (आपल्याकडे जवसाचे चालते) सगळ्या दाण्यांना सारखे चोळून ढीग बारा तास तसाच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी उन्हात पसरायचा. संध्याकाळी मालाच्या तीन ते पाच टक्के, म्हणजे क्विंटलला तीन ते पाच लिटर, पाणी शिंपडून पुन्हा ढीग करून रात्रभर झाकायचा आणि सकाळी पुन्हा ऊन द्यायचे. ओले आणि कोरडे, ओले आणि कोरडे असे दोन ते चार दिवस चालते. पाण्याने टरफल आणि दाणा फुगतात, उन्हाने आकसतात, पण दोन्ही सारखे आकसत नाहीत, आणि या ओढाताणीत मधला चिकट थर सुटतो. शेवटी दाण्यात दहा ते बारा टक्के ओल राहिली की माल यंत्रात घालायचा.

यंत्राच्या एका फेरीत सगळी तूर सोलली जात नाही. साधारण अर्धीच सोलली जाते. काही दाणे सोलून फुटतात, ती डाळ. काही सोलले जातात पण अख्खे राहतात, त्यांना गोटा म्हणतात. बाकीच्यांवर टरफल तसेच राहते. पंख्याने टरफल उडवून, चाळणीने डाळ वेगळी करून, राहिलेल्या मालाला पुन्हा तेल-पाणी-ऊन देऊन परत यंत्रात घालावे लागते. अशा दोन-तीन फेऱ्या होतात.

आता तो गुणाकार पाहा. माल बोटाच्या एका पेराएवढ्या थरात पसरला तर एक क्विंटल तुरीला साधारण साठ चौरस फूट ओटा लागतो. रोज पाच क्विंटल काढायचे आणि प्रत्येक माल तीन दिवस उन्हात राहणार, म्हणजे कोणत्याही वेळी पंधरा क्विंटल ओट्यावर पसरलेले असणार. त्याला नऊशे चौरस फूट जागा हवी. या मुलाचा ओटा होता चारशे फुटांचा. यंत्र आठ क्विंटल मागत होते आणि ओटा दोन-अडीच क्विंटलच तयार करून देत होता. आम्ही कापडवाले हे लगेच ओळखतो. यंत्रमाग कितीही वेगाचा असो, सायझिंगहून तयार बीम आली नाही तर माग उभा राहतो. मी त्याला म्हणालो, “बेटा, तुझी गिरणी यंत्रावर चालत नाही, ओट्यावर चालते.” तो म्हणाला, “चाचा, यंत्र विकणाऱ्याने हे सांगितलेच नाही.” त्याने सांगायचे कशाला? त्याला यंत्र विकायचे होते.

माल तयार होईना म्हणून मुलाने घाई केली, आणि त्याच जानेवारीत चार दिवस ढगाळ गेले. तीन दिवसांचे वाळवण त्याने दीड दिवसात उरकले आणि बाजारातून वेगवेगळ्या शेतकऱ्यांची घेतलेली तूर एकत्र करून यंत्रात घातली. तिच्यात बदनापूरच्या बीडीएन ७११ जातीची पांढरी तूर होती आणि बीएसएमआर ७३६ ची लालही होती. रंगाने मोठे नुकसान होत नाही, पण आकाराने होते. रुळाचे अंतर मोठ्या दाण्याला बसवले की बारीक दाणा न सोलता निघून जातो, बारीक दाण्याला बसवले की मोठा चुरडला जातो. त्यात माल अर्धवट ओला. ओली तूर रुळात चेपते, टरफल सुटत नाही आणि पीठ होऊन जाळीला चिकटते. उलट फार कोरडी झाली तर डाळ काचेसारखी तुटते. झाकून ठेवलेल्या एका ढिगाला तर आंबूस वास सुटला. तो माल सरळ गुरांना गेला.

हे सगळे होत असताना नुकसान किती होते आहे हे त्याला कळत नव्हते, कारण गोण्या भरत होत्या आणि डाळ विकली जात होती. नुकसान ओळखायची एक सोपी खूण आहे आणि ती डाळीत नाही, चुनीत आहे. टरफल, भुकटी आणि बारीक कण मिळून जी चुनी निघते, ती करड्या तपकिरी रंगाची असली पाहिजे. चुनी मुठीत घेऊन पाहा. ती पिवळी दिसली तर समजा की तुमची डाळ घासून भुकटीत चालली आहे. डाळीकडे पाहायचे तर तिच्या कडा पाहा. कडा धारदार असतील तर काम बरोबर आहे, कडा गोल झाल्या असतील तर रूळ जास्त घासतो आहे. आणि ओल पाहायला यंत्र नसले तरी दाताखाली दाणा घ्या. कट् आवाज करून दोन फाका झाल्या तर माल तयार आहे, दाणा दाताखाली दबला तर त्याला अजून एक ऊन हवे.

पहिल्या हंगामाचा हिशेब मी त्याच्याकडून वहीवर लिहून घेतला. भाव रोज बदलतात, म्हणून इथे हिशेबापुरते स्थिर भाव धरतो. तूर ८,००० रुपये क्विंटल धरू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने जाहीर केलेला हमीभाव तोच होता. हमाली, गाडीभाडे, मजुरी, वीज, तेल, बारदाना मिळून क्विंटलला ४०० रुपये. म्हणजे खर्च झाला ८,४००. पहिल्या वर्षी एका क्विंटल तुरीतून त्याची डाळ निघाली ६४ किलो. डाळ ११५ रुपये किलो, तुकडा ५० रुपये आणि चुनी-टरफल २० रुपये किलो धरा. डाळीचे झाले ७,३६०, सहा किलो तुकड्याचे ३००, पंचवीस किलो चुनीचे ५००, आणि पाच किलो माती-ओल उडून गेली. एकूण ८,१६०. क्विंटलमागे २४० रुपये तोटा.

दुसऱ्या वर्षी ओटा वाढवला, माल चाळून आकार वेगळे केले, वाळवण पूर्ण केले. डाळ निघाली ७१ किलो, तुकडा ३, चुनी २१. तेच भाव धरले तर ८,१६५ आणि १५० आणि ४२० मिळून ८,७३५. म्हणजे ३३५ रुपये नफा. तूर तीच, यंत्र तेच, भाव तेच. सात किलो डाळ चुनीत आणि तुकड्यात जात होती ती गोणीत आली, एवढाच फरक. या धंद्यात भाव तुमच्या हातात नसतो, उतारा असतो. आणि उतारा कळण्यासाठी प्रत्येक मालाची वेगळी नोंद पाहिजे: किती तूर आली, चाळल्यावर किती राहिली, डाळ किती, तुकडा किती, चुनी किती. शिकलेल्या मुलाचा उपयोग इथे होतो. जुने गिरणीवाले अंदाजाने हे जाणतात, पण तो अंदाज त्यांनी वीस वर्षांत कमावला आहे. वही ठेवणारा मुलगा दोन हंगामांत तिथे पोहोचतो.

आता पैशाची बाजू. ज्यांनी फक्त यंत्राच्या किमतीचा विचार केला ते इथे अडकतात. रोज पाच क्विंटल तूर स्वतः विकत घेतली तर रोजचे ४०,००० रुपये. माल तीन दिवस ओट्यावर राहिला आणि किराणा दुकानदाराने पंधरा दिवसांची उधारी मागितली, म्हणजे अठरा दिवसांचा पैसा बाहेर. सव्वासात लाखांच्या आसपास. यंत्र-ओट्याला लागले अडीच लाख, आणि खेळते भांडवल त्याच्या तिप्पट. कापडाच्या धंद्यातही हेच आहे, दुकानाच्या फर्निचरपेक्षा उधारीत जास्त पैसा असतो. पण नवीन मुलगा कर्जाचा अर्ज यंत्रापुरताच करतो आणि डिसेंबरात तूर आली की हातात पैसा नसतो.

त्यातून तुरीचा भावही एका जागी राहत नाही. मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली झाली आणि पुढे तिची मुदत वाढत गेली. म्यानमार, मोझांबिक, टांझानियाकडचा माल येतो. उलट टंचाई झाली तेव्हा जून २०२३ मध्ये आणि पुन्हा जून २०२४ मध्ये सरकारने तुरीच्या साठ्यावर मर्यादा घातली. स्वस्तात घेऊन ठेवू आणि पावसाळ्यात विकू, हा विचार लहान गिरणीवाल्याने करू नये असे माझे मत आहे. किडीचाही प्रश्न आहे. भुंगेरा शेतातच शेंगेवर अंडी घालतो आणि अख्ख्या तुरीबरोबर घरात येतो. दाण्यावर पांढरे बारीक ठिपके दिसले की समजावे. डाळ केलेल्या मालाला ही कीड तितकी लागत नाही, म्हणून तूर ठेवायची नाही, डाळ करून ठेवायची.

मग भांडवल नसलेल्याने काय करावे? आमच्या भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्याला याचे उत्तर माहीत आहे. सूत व्यापाऱ्याचे, माग आपला, मजुरी मीटरवर. डाळीतही हेच करता येते. शेतकऱ्याने घरच्या खाण्यासाठी आणि नातेवाइकांसाठी राखलेली दोन-चार क्विंटल तूर आणावी, गिरणीने डाळ करून द्यावी आणि किलोवर मजुरी घ्यावी. या मुलाने दुसऱ्या वर्षापासून निम्मे काम असेच केले. किलोला आठ रुपये मजुरी, तेल शेतकऱ्याचे. दिवसाला पाच क्विंटल झाले तर ४,००० रुपये येतात, दोन मजूर, वीज आणि दुरुस्ती यांचे १,८०० जातात, २,२०० उरतात. असे भरलेले दिवस हंगामात साठ मिळाले तरी सव्वा लाखाच्या वर सुटतात, आणि भावाची जोखीम एका पैशाचीही नाही.

मात्र मजुरीच्या कामात विश्वासाचा प्रश्न येतो. गावात गिरणीवाल्यावर पहिला संशय डाळ काढून ठेवल्याचाच असतो. पहिल्या महिन्यातच एका शेतकऱ्याने सर्वांसमोर म्हटले, “पोऱ्हा चांगला आहे, पण डाळ कमीच भरली.” मुलगा रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने प्रत्येकाचा माल वेगळ्या नंबराने ठेवला, शेतकऱ्यासमोर तूर तोलली, आणि नेताना डाळीबरोबर तुकडा आणि चुनीही तोलून त्याच्याच पोत्यात बांधून दिली. चुनी गुरांना उपयोगी पडते, ती गिरणीवाल्याने ठेवायची ही पद्धत त्याने मोडली. ज्याने तक्रार केली होती त्याच्या तुरीत माती आणि किडका माल मिळून क्विंटलला नऊ किलो निघाले. ते त्याने वेगळे करून दाखवले. तो माणूस यंदा स्वतःच्या दोन भावांची तूर घेऊन आला.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. अन्न परवान्याची एफएसएसएआय नोंदणी लागते. डाळीला पिवळा रंग लावणे हा गुन्हा आहे, आणि तुरीच्या डाळीत लाखेची डाळ मिसळणे हाही. बाजारात चमकदार ‘फटका’ डाळीला भाव जास्त मिळतो, पण चमक तेल-पाण्याने हलका हात देऊनच आणायची. पाकिटात भरून नाव लावून विकायची असेल तर २५ किलोपर्यंतच्या पाकिटावर जुलै २०२२ पासून पाच टक्के जीएसटी लागू झाला, तो भावात धरावा. शेतीच्या वीजजोडणीवर गिरणी चालवू नका. वापर बदलल्याबद्दल वीज कंपनी दंडाचे बिल लावते आणि ते वर्षाचा नफा खाऊन जाते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख, सबसिडी आणि स्वतःचे किमान १० टक्के अशी अट ठेवली होती. अर्ज करताना तिची मुदत आणि सध्याच्या अटी जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचाराव्यात. सबसिडी कर्जाला जोडलेली असते, हातात रोख येत नाही. तिच्या भरवशावर तूर खरेदी करू नये.

आपल्या वाचकांत लेथ आणि वेल्डिंगचे काम करणारे कारागीर बरेच आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट. रुळावरचा एमरीचा थर झिजतो. झिजला की डाळ कमी सोलली जाते, गिरणीवाला फेऱ्या वाढवतो आणि उतारा पडतो. थर नव्याने चढवायला एमरीची भुकटी, मॅग्नेसाइट आणि मॅग्नेशियम क्लोराइडचे पाणी यांचे मिश्रण साच्यात बसवून सुकवतात आणि मग रूळ लेथवर फिरवून गोल करतात. या मुलाला त्यासाठी रूळ अकोल्याला पाठवावा लागतो, आणि हंगामात चार-पाच दिवस गिरणी बंद राहते. तालुक्याच्या गावी हे काम करणारा कोणी असता तर दुसरा रूळ बदलीला ठेवून एका दिवसात काम सुरू झाले असते.

गेल्या महिन्यात मुलाचा फोन आला. त्याला दुसरे यंत्र घ्यायचे आहे, तासाला तीन क्विंटलचे, आणि बँक तयार आहे. मी विचारले, “ओटा किती फूट झाला?” म्हणाला, “अकराशे, चाचा.” अकराशे फुटांत दिवसाला सहा क्विंटलच्या वर माल वाळत नाही आणि सहा क्विंटल जुने यंत्र सहा तासांत काढते. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, मग शेजारच्या पडीक जागेचे भाडे विचारून पाहतो.